घड्याळ जर्मन, झोन मुलाचे, चालणे वडिलांचे: एका स्क्रीनशॉटचे वाचन

या प्रकरणातील गृहस्थ ६१ वर्षांचे आहेत. रक्तदाबासाठी ते रोज एक गोळी घेतात आणि सकाळी पाऊण तास झपझप चालतात. याखेरीज सांगण्यासारखी तक्रार नाही. त्यांच्या मुलाने स्वतःसाठी नवे स्मार्टवॉच घेतले, तेव्हा जुने घड्याळ आणि त्याच्याशी जोडलेला जुना फोन त्याने वडिलांना दिला. मुलाचे रोजचे काम जर्मन भाषेत चालत असल्यामुळे फोन आणि ॲप दोन्ही जर्मनमध्ये होते आणि ते तसेच वडिलांकडे आले. आकडे वाचता येत होते, आलेख दिसत होते, रंगही कळत होते. अडत होते ते फक्त शब्दांपाशी. त्यांच्या मुलीने शब्दकोश घेऊन एकेका शब्दाचा अर्थ लावला आणि मग दिवसभराच्या गोषवाऱ्याचा स्क्रीनशॉट मला पाठवला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि चालण्याचा व्यायाम सुरू करताना या कुटुंबाने पूर्वीही माझा सल्ला घेतला होता.

तिचा निरोप असा होता: "ताई, बाबांचं चालणं घड्याळ 'हलक्या' झोनमध्येच दाखवतंय. हृदयाला फायदा व्हायचा तर तिसरा झोन गाठावा लागतो असं त्यांनी वाचलंय, म्हणून उद्यापासून वेग वाढवणार म्हणतात. गाढ झोपही जेमतेम एक्केचाळीस मिनिटं दिसतेय आणि पावलांचं लक्ष्य रोज थोडक्यात हुकतंय. काय करू द्यायचं त्यांना?"

स्क्रीनवरचा मजकूर, अनावश्यक ओळी वगळून, असा होता:

```
Do., 14.03.
Gehen   45 Min.   Ø HF 124   Max. HF 139
Zone 5  Maximum     ab 172     0 Min.
Zone 4  Schwelle    153–171    0 Min.
Zone 3  Aerob       134–152    8 Min.
Zone 2  Leicht      115–133   31 Min.
Zone 1  Aufwärmen    96–114    6 Min.
Ruhepuls 64
Schlaf  6 Std. 48 Min.   23:12–06:00
Wach 0:33   REM 1:02   Leicht 4:32   Tief 0:41
Schritte  8.412 / 10.000   84 %   6,1 km
```

शब्द आणि चिन्हे

मुलीने लावलेले अर्थ बरोबर होते. पहिली ओळ गुरुवारची तारीख आहे. 'Gehen' म्हणजे चालणे, 'HF' हे हृदयगतीचे संक्षिप्त रूप आणि त्यापुढचे 'Ø' हे चिन्ह सरासरीचे. झोन म्हणजे श्रमानुसार पाडलेले हृदयगतीचे टप्पे, आणि इथे दाखवलेल्या पाच झोनांची नावे खालून वर अनुक्रमे शरीर तापवणे, हलके, एरोबिक, उंबरठा आणि कमाल अशी आहेत, तर 'ab 172' म्हणजे १७२ आणि त्यापुढे. 'Ruhepuls' ही विश्रांतीतील हृदयगती. झोपेच्या ओळीत जागेपण, रेम म्हणजे स्वप्नांची झोप, हलकी झोप आणि गाढ झोप या क्रमाने तास व मिनिटे दिली आहेत. 'Leicht' हा शब्द दोन ठिकाणी येतो आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ हलके असाच आहे, पण एकदा तो श्रमाविषयी आणि एकदा झोपेविषयी आहे. दोन्ही खाने एकाच रंगात असल्यामुळे गृहस्थांनी काही दिवस त्यांचा परस्परसंबंध जोडला होता, तो नाही.

आकड्यांच्या लिखाणात एकच गोष्ट अडवणारी होती. जर्मनमध्ये हजार वेगळे करण्यासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, म्हणजे आपल्या सवयीच्या बरोबर उलट. त्यामुळे '8.412' म्हणजे आठ हजार चारशे बारा पावले आणि '6,1 km' म्हणजे सहा पूर्णांक एक दशांश किलोमीटर. याची खात्री स्क्रीनवरच होते, कारण ८,४१२ हे १०,००० च्या ८४ टक्के आहेत आणि तेवढेच टक्के शेजारी छापलेले आहेत. परक्या भाषेतला अहवाल वाचताना मी नेहमी अशा बेरजा-भागाकारांचा आधार घेते. शब्दाचा अर्थ चुकू शकतो. ज्या दोन आकड्यांचा एकमेकांशी मेळ बसायला हवा, ते बसतात की नाही हे मात्र कोणत्याही भाषेत तपासता येते.

झोनांच्या मिनिटांचीही तशीच बेरीज केली. सहा, एकतीस आणि आठ मिळून पंचेचाळीस होतात, आणि चालण्याचा एकूण वेळही तेवढाच आहे. म्हणजे हा तक्ता दिवसभराच्या हृदयगतीचा नसून केवळ त्या एका चालण्याचा आहे. दिवसभराचा असता, तर 'एवढ्या दिवसात तिसऱ्या झोनमध्ये फक्त आठ मिनिटे' असा त्याचा अर्थ झाला असता आणि गृहस्थ ज्या निष्कर्षाकडे निघाले होते त्याला आणखी बळ मिळाले असते.

झोनांच्या सीमा कोणाच्या?

इथपर्यंत भाषांतर पूर्ण झाले होते, आणि केवळ भाषांतरावर थांबलो असतो तर 'हो, चालणे हलके आहे, वेग वाढवा' असेच उत्तर निघाले असते. मला खटकले ते झोनच्या नावापुढचे आकडे. एकसष्ट वर्षांच्या माणसाचा पहिला झोन ९६ ठोक्यांपासून सुरू होणे आणि पाचवा १७२ पासून सुरू होणे हे सहसा घडत नाही.

घड्याळ झोन मोजत नाही. ते मोजते फक्त ठोके. झोन म्हणजे त्या ठोक्यांवर ठेवलेली पट्टी, आणि ती पट्टी प्रोफाइलमधल्या माहितीवरून आखली जाते. बहुतेक ॲपांत, वापरणाऱ्याने स्वतः काही बदल केला नसेल तर, २२० मधून वय वजा करून कमाल हृदयगतीचा अंदाज धरतात आणि त्याच्या ५०, ६०, ७०, ८० व ९० टक्क्यांवर पाच झोनांच्या खालच्या सीमा टाकतात. त्यामुळे या सीमांवरून उलटा प्रवास करता येतो. पाचवा झोन १७२ वर सुरू होतो आणि ती ९० टक्क्यांची रेघ असेल, तर १७२ भागिले ०.९ म्हणजे सुमारे १९१. प्रत्येक झोनची रुंदी १९ ठोके आहे, म्हणजे दहा टक्के बरोबर साधारण १९, आणि पहिला झोन त्याच्या पाचपटीवर, ९६ वर, सुरू होतो, हिशेब जुळतो. कमाल हृदयगती १९१ धरली आहे, आणि २२० वजा १९१ म्हणजे २९.

मी मुलीला विचारले, "तुझ्या भावाचं वय काय?" उत्तर आले, "एकोणतीस."

घड्याळ वडिलांच्या मनगटावर होते, पण ॲपमधले खाते, जन्मतारीख, उंची आणि वजन अजून मुलाचेच होते. काही घड्याळे कमाल गतीऐवजी कमाल आणि विश्रांतीतील गती यांच्यातील फरकावर झोन आखतात, म्हणून तीही शक्यता तपासली. त्या पद्धतीत विश्रांतीतील ६४ ठोक्यांवर फरकाचे टक्के मिळवायचे असतात. पहिल्या झोनच्या ९६ वरून हिशेब केला तर कमाल गती १२८ येते आणि पाचव्या झोनच्या १७२ वरून केला तर १८४. एकाच माणसाची दोन उत्तरे येतात, त्यामुळे ती पद्धत इथे वापरलेली नव्हती.

आता तीच पट्टी खऱ्या वयावर आखली तर २२० वजा ६१ म्हणजे १५९ ही अंदाजे कमाल गती येते. दुसरा झोन ९६ पासून, तिसरा ११२ पासून, चौथा १२८ पासून आणि पाचवा १४४ पासून सुरू होतो. चालतानाची सरासरी १२४ होती. जर्मन स्क्रीनवर ती 'हलक्या' झोनच्या मध्यावर दिसत होती, प्रत्यक्षात ती तिसऱ्या झोनच्या वरच्या टोकाकडे, अंदाजे कमाल गतीच्या ७८ टक्क्यांवर होती. सर्वाधिक १३९ ठोके तर चौथ्या झोनमध्ये, ८७ टक्क्यांवर पोहोचतात. आणि ज्या 'तिसऱ्या झोन'साठी गृहस्थ वेग वाढवणार होते, तो घड्याळाच्या मते १३४ ते १५२ होता, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या अंदाजे कमाल गतीच्या ८४ ते ९६ टक्के. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या, एकसष्टीच्या माणसाने पाऊण तास त्या पट्ट्यात चालायचे ठरवले असते. या एका वाक्यासाठी मी हे प्रकरण लिहून ठेवत आहे.

इथे एक मर्यादा पाळावी लागते. आठ मिनिटे जी जुन्या तिसऱ्या झोनमध्ये होती, ती १३४ ते १३९ या दरम्यानची असल्यामुळे नव्या पट्टीवर निःसंशय चौथ्या झोनमध्ये जातात. पण ११५ ते १३३ मधली एकतीस मिनिटे नव्या तिसऱ्या आणि चौथ्या झोनमध्ये विभागली जातील आणि ती किती-किती, हे या स्क्रीनशॉटवरून सांगता येत नाही. त्यासाठी मिनिटागणिक आलेख हवा. सीमा बदलल्या म्हणून जुनी मिनिटे नुसत्या तर्काने नव्या खान्यात टाकू नयेत.

दुसरी मर्यादा सूत्राची आहे. २२० वजा वय हा सरासरीचा अंदाज आहे. एकाच वयाच्या माणसांची खरी कमाल गती त्यापेक्षा दहा-बारा ठोक्यांनी वर किंवा खाली असणे अगदी सामान्य आहे. या गृहस्थांची खरी कमाल गती १६९ निघाली, तर १२४ म्हणजे ७३ टक्केच होतात आणि तो मध्यम श्रम ठरतो. १४९ निघाली तर ८३ टक्के होतात आणि तो जोरकस श्रम ठरतो. म्हणून मुलाची पट्टी काढून वडिलांच्या वयाची पट्टी लावली की सत्य हाती आले, असेही नाही. पट्टी नक्की चुकीची आहे एवढे सिद्ध झाले. बरोबर कोणती हे शरीरालाच विचारायला हवे.

१२४ हा आकडा तरी खरा का?

झोनांवर बोलण्याआधी खरे तर हाच प्रश्न यायला हवा, कारण चालण्यात घड्याळाची एक ओळखीची चूक होते. मनगटावरचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तप्रवाहातील चढउतार टिपतो. हात लयीत हलत असेल आणि पट्टा सैल असेल, तर त्या हेलकाव्यांचीच लय ठोक्यांची समजून नोंदवली जाते. झपझप चालताना मिनिटाला साधारण ११० ते १२५ पावले पडतात, आणि याच पट्ट्यात ठोकेही असू शकतात. त्यामुळे चूक दिसून येत नाही. चालायला लागताच आकडा एकदम उडी मारून वर जाणे, मग आलेख सपाट राहणे आणि थांबताच काही सेकंदांत खाली कोसळणे ही त्या चुकीची लक्षणे आहेत. खरी हृदयगती पहिल्या दोन-तीन मिनिटांत चढत जाते आणि थांबल्यावर हळूहळू उतरते.

मी गृहस्थांना फोन केला. म्हटले, "काका, उद्या घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि जरा घट्ट बांधा. चालणं संपवून उभे राहिलात की लगेच दुसऱ्या हाताच्या बोटांनी नाडी धरा, पंधरा सेकंद मोजा आणि चारनं गुणा. त्याच वेळी घड्याळात काय दिसतंय तेही बघून ठेवा." दुसऱ्या दिवशी त्यांनी पंधरा सेकंदांत तीस ठोके मोजले, म्हणजे मिनिटाला १२०, घड्याळ १२२ दाखवत होते. ॲपमध्ये 'Schrittfrequenz' या नावाखाली पावलांची लय ११२ होती. नाडी आणि घड्याळ एकमेकांशी जुळले आणि पावलांच्या लयीपासून वेगळे राहिले, त्यामुळे १२४ च्या सरासरीवर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

त्याच फोनवर मी आणखी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, चालताना बोलता येते का. ते म्हणाले, "बोलतो की. पण तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो." मध्यम श्रमात माणूस सलग पूर्ण वाक्ये बोलू शकतो, गाणे मात्र म्हणू शकत नाही, काही शब्दांतच श्वास घ्यावा लागत असेल तर श्रम जोरकस आहेत. ही साधी कसोटी कोणत्याही सूत्रावर अवलंबून नाही, आणि तिने नव्या पट्टीच्या बाजूनेच कौल दिला. दुसरी गोष्ट रक्तदाबाच्या गोळीची. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर गटातील औषधे हृदयगती खाली धरून ठेवतात. ती चालू असतील तर वयावरून काढलेले झोन मुळातच लागू पडत नाहीत आणि माणूस दमलेला असतानाही घड्याळ 'हलके' म्हणत राहते. मुलीने पाकिटावरचे नाव वाचून दाखवले, ते ॲम्लोडिपिन होते. ते या गटातले नाही, त्यामुळे १५९ चा अंदाज या कारणासाठी बाद करावा लागला नाही. छातीत दडपण किंवा चक्कर येत नसल्याचेही त्यांनी सांगितले. तरी वेग वाढवायचाच असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा, असे मी स्पष्ट सांगितले.

झोपेची ओळ

झोपेच्या आकड्यांवर वय किंवा उंची यांचा झोनइतका थेट परिणाम नव्हता, पण त्यातही बेरीज कामी आली. गाढ, हलकी आणि रेम मिळून ६ तास १५ मिनिटे होतात. जागेपणाची ३३ मिनिटे मिळवली की ६ तास ४८ मिनिटे होतात आणि २३:१२ ते ०६:०० हे अंतरही नेमके तेवढेच आहे. म्हणजे मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा झोपेचा नसून अंथरुणावरच्या एकूण वेळेचा आहे. सगळी ॲपे असे करत नाहीत, काही जागेपण वगळूनच मोठा आकडा देतात. म्हणून दोन घड्याळांच्या झोपेची तुलना करण्याआधी ही बेरीज करावी.

मुलीची काळजी गाढ झोपेच्या ४१ मिनिटांची होती. प्रत्यक्ष झोपेच्या तुलनेत ती सुमारे ११ टक्के होते. निरोगी तरुण माणसात हे प्रमाण साधारण एक-पंचमांश असते आणि वयानुसार, विशेषतः पुरुषांमध्ये, ते घटत जाते. एकसष्टाव्या वर्षी ११ टक्के हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो आकडा मोजलेला नाही, अनुमानलेला आहे. झोपेच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली आणि स्नायूंचा ताण नोंदवून, तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून अवस्था ठरवतात. घड्याळाजवळ यांपैकी काहीच नसते. ते मनगटाची हालचाल आणि ठोक्यांमधील चढउतार यांवरून अंदाज बांधते. माणूस झोपला आहे की जागा, एवढे ते बऱ्यापैकी ओळखते, तरी डोळे मिटून निश्चल पडलेल्या माणसाला ते पुष्कळदा झोपलेला समजते. हलकी आणि गाढ झोप वेगळी करण्यात तर ते आणखी कच्चे पडते. एका रात्रीच्या ४१ आणि दुसऱ्या रात्रीच्या ५५ मिनिटांमध्ये खरा फरक असेलच असे नाही.

आलेखातली एक गोष्ट गृहस्थांना समजावून द्यावी लागली. त्यात सर्वांत वर जागेपण, त्याखाली रेम, मग हलकी आणि तळाशी गाढ झोप अशी मांडणी असते, आणि पाहणाऱ्याला वाटते की खाली जाईल तेवढी झोप 'चांगली'. ती गुणवत्तेची उतरंड नाही. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते आणि रेम झोप पहाटेकडे लांबत जाते. दोन्हींची गरज असते. म्हणूनच मला काही सांगण्यासारखे वाटले ते ४१ च्या आकड्यात नव्हते, ते २३:१२ आणि ०६:०० या दोन वेळांत होते. सहाला गजर होतो, म्हणजे झोप तुटते ती रेमच्या बाजूने. झोप वाढवायची तर अंथरुणावर लवकर जाणे हाच एक मार्ग होता. मग ते सव्वाअकरापर्यंत जागे का राहतात, असे विचारले तेव्हा उत्तर स्क्रीनवरच्या शेवटच्या ओळीत सापडले.

पावलांचे लक्ष्य

रात्री जेवणानंतर ते ॲप उघडत, लक्ष्याला किती पावले कमी आहेत ते पाहत आणि तेवढी भरून काढण्यासाठी साडेदहाच्या सुमारास पुन्हा झपझप चालत. त्या गुरुवारी १,५८८ पावले उरली होती आणि कंटाळा आल्यामुळे त्यांनी ती सोडून दिली. इतर दिवशी ते चालत, आणि मुलीने म्हटल्याप्रमाणे तरीही लक्ष्य थोडक्यात हुके.

हे १०,००० कोणत्याही वैद्यकीय तपासणीतून या गृहस्थांसाठी निघालेले नव्हते. जपानमध्ये १९६५ साली 'मानपो-केइ' नावाचे पावले मोजण्याचे यंत्र विक्रीस आले, ज्याच्या नावातच दहा हजार पावले हा आकडा होता, आणि तिथून तो जगभर रूढ झाला. २०२२ साली 'द लॅन्सेट पब्लिक हेल्थ' मध्ये १५ अभ्यासगटांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात ६० आणि त्याहून अधिक वयाच्या लोकांत मृत्यूचा धोका रोजच्या सुमारे ६,००० ते ८,००० पावलांपर्यंत घटत गेलेला आणि त्यापुढे जवळपास स्थिरावलेला दिसला. गृहस्थांची ८,४१२ पावले त्या पट्ट्याच्याही वर होती. लाल अपुरे वर्तुळ दिसत होते ते केवळ लक्ष्याच्या खान्यात १०,००० लिहिलेले असल्यामुळे, आणि तो आकडा बदलता येतो.

किलोमीटरही मुलाच्या मापाने मोजले जात होते. ६.१ किलोमीटरला ८,४१२ ने भागले तर एका पावलाची लांबी सुमारे ७३ सेंटिमीटर येते. जीपीएस चालू नसेल तेव्हा बरीच ॲपे ही लांबी उंचीवरून धरतात, आणि ७३ सेंटिमीटर हे पाऊल १६२ सेंटिमीटर उंचीच्या या गृहस्थांपेक्षा त्यांच्या उंच मुलाला शोभणारे होते. पावलांची संख्या खरी, अंतर थोडे फुगलेले, असा त्याचा अर्थ. प्रोफाइल दुसऱ्याचे आहे याचा हा दुसरा पुरावा मिळाला. एवढ्यापुरतेच त्याचे महत्त्व.

काय बदलले

मुलीचा पहिला विचार ॲपची भाषा बदलण्याचा होता. ते करायचेच होते, पण नुसते तेवढे केले असते तर 'Leicht' च्या जागी ओळखीचा शब्द आला असता आणि त्यापुढचे ११५–१३३ जसेच्या तसे राहिले असते. म्हणून क्रम उलटा ठेवला. मुलाचे खाते घड्याळावरून काढले, वडिलांच्या नावे नवे खाते उघडले, आणि जन्मतारीख, लिंग, उंची व वजन त्यांचे भरले. फोन तोवर जर्मनमध्ये असल्यामुळे 'Geburtsdatum', 'Geschlecht', 'Größe' आणि 'Gewicht' हे चार खाने मी तिला चित्रावर खूण करून दाखवले. 'Maximale Herzfrequenz' या खान्यात आपोआप १५९ आले आहेत ना, हे मुद्दाम पाहायला सांगितले, कारण एखाद्याने तिथे पूर्वी हाताने आकडा भरलेला असेल तर जन्मतारीख बदलूनही तो तसाच राहू शकतो. पावलांचे लक्ष्य ७,५०० केले, आणि त्यानंतर फोनची भाषा बदलली.

नव्या पट्टीवर त्याच रस्त्याने, त्याच वेगाने चाललेल्या सकाळची नोंद आली ती अशी: दुसऱ्या झोनमध्ये ५ मिनिटे, तिसऱ्यात २४ आणि चौथ्यात १६. सरासरी १२४ च्या आसपासच होती. शरीरात काहीही बदललेले नव्हते. गृहस्थांचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे मी इतके दिवस जास्त करत होतो का?" जास्त म्हणता येणार नाही, कारण त्यांना त्रास झालेला नव्हता आणि सोळा मिनिटे जोरकस चालणे हे स्वतः काही वाईट नाही. पण वेग वाढवण्याला जागा नव्हती. पाऊण तासातला मधला भाग पूर्ण वाक्य बोलता येईल अशा वेगाने चालायचे, चढावर झोन चौथ्यात गेला तर जाऊ द्यायचा पण तिथे रेंगाळायचे नाही, आणि रात्रीचे चालणे बंद करून साडेदहाला झोपायचे, एवढेच ठरले.

मुलाच्या खात्यात आता वडिलांच्या काही आठवड्यांच्या नोंदी आहेत. अनेक ॲपांत सीमा बदलल्या तरी झालेल्या नोंदींची मिनिटे जुन्या सीमांवरच राहतात, त्यामुळे त्या काळातला झोनांचा तक्ता डॉक्टरांना दाखवू नये. दाखवायचेच असेल तर सरासरी आणि सर्वाधिक ठोके, विश्रांतीतील गती आणि पावलांची संख्या तेवढी दाखवावी, कारण ते आकडे मनगटावरूनच आलेले आहेत. मुलालाही कळवले आहे, कारण त्याच्या विश्रांतीतील गतीच्या आलेखात त्या आठवड्यांत ६४ ची एक रेघ दिसेल आणि ती त्याची नाही.